कोल्हापुरात शूटिंगचा विमा काढताना: प्रपोजल फॉर्म कसा भरायचा

चित्रपटाच्या विम्याची चौकशी करायला गेलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘प्रीमियम किती बसेल?’ समोरचा माणूस जाडजूड प्रपोजल फॉर्म हातात ठेवतो आणि म्हणतो, ‘हा भरून आणा, मग सांगतो.’ बहुतेक निर्मात्यांच्या ऑफिसात तो फॉर्म मोकळा बसलेल्या माणसाकडे जातो आणि अर्ध्या रकान्यांत ‘लागू नाही’ लिहून परत येतो. पुढे एखादं नुकसान झालं की ते तपासायला आलेला सर्व्हेअर सगळ्यात आधी तोच फॉर्म उघडतो. पॉलिसी त्यातल्या माहितीवर बेतलेली असते. तुम्ही जे लिहिलं नाही ते कंपनीला माहीतच नव्हतं, असं धरलं जातं.

मी कोल्हापूर आणि आसपासच्या शूटिंगची निर्मिती-व्यवस्था बघतो, त्यामुळे हे फॉर्म माझ्याच टेबलावरून जातात. पहिल्यांदा सिनेमा करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सामान, कलाकारांचं आजारपण आणि आउटडोअर या तीन गोष्टींचं प्रपोजल कसं भरायचं, एवढ्यापुरताच तो आहे. सेन्सॉर, कॉपीराइटचे दावे, प्रदर्शनानंतरचं नुकसान हे विषय वेगळे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. कुस्तीवरचा मराठी सिनेमा आहे. नायक तिशीतला, त्याच्या वस्तादांच्या भूमिकेत ६८ वर्षांचे ज्येष्ठ नट. शूटिंग २६ दिवसांचं, दसऱ्यानंतर लगेच सुरू. मोरेवाडीच्या चित्रनगरीत तालमीचा सेट, पंचगंगा घाटावर चार दिवस, मसाई पठारावर घोड्यांचा एक प्रसंग आणि पन्हाळ्याच्या वाटेवर एका जुन्या वाड्यात सहा दिवस. कॅमेरा आणि लेन्स मुंबईहून भाड्याने. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशोबाची रीत हीच.

१. सुरुवात केव्हा करायची, कोणाकडे जायचं

पहिल्या कॉलशीटच्या निदान चार आठवडे आधी. कोल्हापुरातल्या विमा कंपन्यांच्या शाखांत आग, वाहन, आरोग्य या विम्याची कामं रोज होतात. सिनेमाचं प्रपोजल मात्र सहसा पुण्या-मुंबईच्या अंडररायटरकडे, म्हणजे धोका जोखून अटी ठरवणाऱ्या माणसाकडे पाठवलं जातं. तिकडून शंका येतात, त्यांची उत्तरं जातात, ज्येष्ठ कलाकाराची तपासणी मागतात. हे सगळं शेवटच्या आठवड्यात उरकायला गेलात की ‘तपासणी बाकी असल्याने आजारपण सध्या वगळले आहे’ अशी ओळ टाकून पॉलिसी मिळते, आणि ती ओळ नंतर काढून घ्यायला कोणाला सवड होत नाही.

सिनेमाची कामं केलेला विमा ब्रोकर मिळाला तर त्याच्यामार्फत जा. एजंट एका कंपनीचं सांगतो, ब्रोकर दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन आणतो आणि त्याचं कमिशन त्याला कंपनीकडून मिळतं. पूर्वी किती सिनेमांचे क्लेम हाताळले, हे त्याला स्पष्ट विचारा. पॉलिसी विकलेली माणसं पुष्कळ भेटतात, क्लेम मिळवून दिलेली कमी.

२. फॉर्मसोबत काय जोडायचं

हे एका फाइलमध्ये आधीच जमवून ठेवा:

- निर्मिती संस्थेचं पॅन, जीएसटी, भागीदारी करार किंवा कंपनीची कागदपत्रं
- कथासार आणि साहसदृश्यांची वेगळी यादी
- दिवसवार शेड्यूल, ठिकाणं आणि राखीव दिवसांसह
- बजेटचा गोषवारा, शूटिंगचा भाग वेगळा काढून
- भाड्याच्या सामानाची यादी सिरियल नंबर आणि किमतीसह, आणि भाडेकरार
- मुख्य कलाकारांचे करार, तारखा, वय आणि आरोग्याचं निवेदन
- ठिकाणांच्या परवानग्या किंवा निदान केलेल्या अर्जांच्या पोचा
- याआधीच्या सिनेमांत घेतलेल्या क्लेमची माहिती

शेवटचा मुद्दा लपवण्याचा मोह होतो. लपवू नका. विम्याचा करार पूर्ण खरेपणावर उभा असतो, आणि महत्त्वाची गोष्ट दडवली असं दिसलं तर तिचा नुकसानीशी संबंध असो-नसो, कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं.

३. आधी एका दिवसाचा खर्च काढा

कलाकार आणि आउटडोअर, दोन्ही भागांचा पाया हा आकडा आहे. आपल्या उदाहरणात एका शूटिंग दिवसाला युनिटचे पगार १ लाख १० हजार, कॅमेरा-लाइट-साउंडचं भाडं ९५ हजार, राहणं ६० हजार, गाड्या आणि जनरेटरचं डिझेल ४५ हजार, जेवण ४० हजार, ठिकाणाचं भाडं ३० हजार आणि किरकोळ २० हजार. बेरीज ४ लाख. २६ दिवसांचे १ कोटी ४ लाख, अधिक कलाकारांचं मानधन २६ लाख. म्हणजे शूटिंगचा भाग १ कोटी ३० लाख झाला. संगीत, एडिटिंग, जाहिरात, प्रदर्शन यांचा खर्च यात नाही. आजारपणामुळे तो वाया जात नाही, म्हणून विम्यातही धरायचा नाही.

आता त्याच चार लाखांचे दोन भाग करा. शूटिंग थांबलं तरी चालूच राहणारा खर्च आणि थांबलं की वाचणारा खर्च. डिझेल, ठिकाणाचं भाडं आणि किरकोळ मिळून ९५ हजार वाचतात असं धरू. मग अडलेल्या एका दिवसाचं खरं नुकसान ३ लाख ५ हजार. फॉर्मवर ‘रोजचा खर्च ४ लाख’ एवढंच लिहून सोडून दिलं, तर क्लेमच्या वेळी ‘थांबल्या दिवशी डिझेल कसलं जाळलं?’ या प्रश्नापासून वाद सुरू होतो. फोड आधीच जोडलेली असली की सर्व्हेअरलाही काम सोपं जातं.

४. सामान: किंमत पूर्ण लिहा, करार नीट वाचा

भाड्याने सामान देणारे सांगतात, ‘आमच्या सामानाचा विमा आहे.’ असेल. पण तो त्यांचा विमा आहे. लेन्स तुमच्या सेटवर फुटली तर त्यांची विमा कंपनी त्यांना पैसे देईल आणि मग तेच पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकेल. म्हणून भाडेकरारात नुकसानीची जबाबदारी कोणावर टाकली आहे ते बघा. जवळजवळ नेहमी ती भाड्याने घेणाऱ्यावरच असते. तसं असेल तर तुमच्या पॉलिसीत हे सामान ‘भाड्याने घेतलेलं’ म्हणून घाला आणि मालक संस्थेचं नाव त्यात नोंदवायला सांगा.

किमतीच्या रकान्यात बरेच जण हात आखडता घेतात, कारण प्रीमियम किमतीवर ठरतो. त्याचा फटका असा. समजा सगळ्या सामानाची आजची किंमत ६० लाख आहे आणि तुम्ही ४५ लाख लिहिली. म्हणजे तीन चतुर्थांश. घाटावर एक लेन्स पडली, नुकसान ४ लाखांचं. सरासरीच्या कलमाने तुमचा हक्क ४ लाखांच्या तीन चतुर्थांशावर, म्हणजे ३ लाखांवर येतो. त्यातून ठरलेली कपात, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायचा भाग, जाते. ती २५ हजार धरली तर हातात २ लाख ७५ हजार. एकच लेन्स फुटली आणि विमा ४५ लाखांचा होता, हा युक्तिवाद चालत नाही. किंमत नव्याची धरायची की वापरलेल्याची, हेही लेखी ठरवून घ्या. भाडेकरार नव्याची किंमत मागत असेल आणि पॉलिसी घसारा वजा करून देत असेल, तर मधला फरक तुमच्या खिशातून जातो.

फॉर्ममध्ये सहसा आपणहून कोणी विचारत नाही अशा चार गोष्टी स्वतःहून लिहा.

पहिली, पाणी. घाटावर होडीतून किंवा पाण्यात उतरून शॉट घेणार असाल तर तसं लिहा. कॅमेरा पाण्यात पडण्याचा धोका कळवलेला नसला की तो मान्य होणं अवघड.

दुसरी, ड्रोन. त्याचं उडणं सामानाच्या सर्वसाधारण भागात बहुधा धरत नाहीत. शिवाय सर्वांत हलक्या नॅनो वर्गातले सोडले तर ड्रोनला तृतीय पक्षाचा विमा ड्रोन नियम २०२१ नुसार लागतोच. ड्रोनवाल्याकडून तो कागद मागून घ्या.

तिसरी, प्रवास. मुंबईहून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचा प्रवास पॉलिसीच्या तारखांत बसला पाहिजे. पॉलिसी पहिल्या शॉटच्या दिवसापासून सुरू होत असेल तर पुणे-बेंगळुरू महामार्गावरचा अपघात तिच्या बाहेर राहील.

चौथी, भाड्याचं मीटर. लेन्स दुरुस्तीला गेलेल्या दिवसांचं भाडं मालक तुमच्याकडून घेतो. हे भाडं वेगळं मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. झिजून बिघडलेलं, आतून इलेक्ट्रिकल बिघाडाने जळलेलं आणि ‘मोजणीत कमी आलं’ असं सामान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. चोरीला क्लेम मिळतो, पण कुलूप तोडल्याची खूण लागते. कोणाचं लक्ष नसलेल्या उघड्या टेम्पोतून फिल्टरची बॅग गेली, तर ती गेलीच. यावर उपाय एकच. रोज पॅकअपला कॅमेरा अटेंडंट आणि आपला प्रॉडक्शनचा मुलगा, दोघांनी मिळून प्रत्येक पेटीचं झाकण उघडायचं, फोमच्या खाचा बघायच्या, यादीवर खूण करायची आणि दोघांनी सही करायची. रात्री साडेदहाला हे नकोसं वाटतं. तरी करा, कारण ‘काल रात्री होतं आणि आज सकाळी नाही’ हे दाखवणारा तोच एक कागद असतो.

शूट केलेला डेटा हा सामानाचा भाग नव्हे. त्याचा वेगळा विभाग असतो, आणि दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवण्याची अट त्यात बहुतेक येतेच. दोन्ही हार्डडिस्क एकाच बॅगेत घालून हॉटेलवर नेणारे लोक ही अट रोज मोडत असतात.

गाड्या, व्हॅनिटी आणि जनरेटर व्हॅन यांना वाहन विमा स्वतःचा लागतो. भाड्याने चालणारी गाडी खाजगी नोंदणीची नाही ना, तेवढं बघून घ्या.

५. कलाकारांचं आजारपण: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

या भागात कलाकाराच्या दवाखान्याचं बिल मिळत नाही. तो काम करू शकला नाही म्हणून तुमचा जो जादा खर्च झाला, तो मिळतो. हे डोक्यात पक्कं बसलं की विमा रक्कम किती लिहायची ते आपोआप कळतं. नायकाचं मानधन ८ लाख आहे म्हणून रकान्यात ८ लाख लिहिणारे भेटतात. पण अठराव्या दिवशी नायक कायमचा बाद झाला तर तोवर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून इथे शूटिंगचा पूर्ण भाग लिहायचा, आपल्या उदाहरणात १ कोटी ३० लाख.

नावं कोणाची घालायची? पॉलिसीत नाव असलेल्याच माणसांचं आजारपण धरलं जातं. ज्याच्यावाचून शूटिंग अडतं आणि ज्याच्या जागी दुसरा घेता येत नाही, अशांचीच नावं द्या. आपल्या सिनेमात नायक, वस्ताद आणि दिग्दर्शक. दोन दिवसांच्या भूमिकेतल्या पाहुण्या कलाकाराचं नाव घालून प्रीमियम वाढवण्यापेक्षा त्याची तारीख शेड्यूलच्या सुरुवातीला घेणं स्वस्त पडतं.

आरोग्याच्या निवेदनावर कलाकाराने स्वतः सही करायची असते. व्यवस्थापकाने भरून पाठवलेला, सगळीकडे ‘नाही’ लिहिलेला कागद घेऊ नका. आपल्या ज्येष्ठ नटांना रक्तदाबाची गोळी आणि साखर आहे असं समजू. ते लिहिलं तर कंपनी तपासणी मागेल आणि कदाचित हृदयविकार किंवा साखरेशी संबंधित त्रास वगळेल. बाकीचं आजारपण आणि अपघात तरी राहतात. लिहिलं नाही आणि सेटवर चक्कर येऊन पडले, तर हॉस्पिटलच्या कागदावर पहिली ओळ असते, ‘गेली दहा वर्षे मधुमेह’. तिथेच क्लेम संपतो. ज्येष्ठांशी हे बोलताना संकोच वाटतो, खरं आहे. मी सरळ सांगतो, ‘दादा, तुमची गोळी कोण बघायला येत नाही, पण सिनेमा अडला तर पैसे मिळाले पाहिजेत.’ त्यावर आजवर कोणी रागावलेलं नाही.

तपासणी पूर्ण होऊन कंपनीने लेखी मान्य करेपर्यंत त्या कलाकाराचा फक्त अपघात धरला जाईल, अशी अट अनेकदा असते. म्हणून मान्यतेचा ईमेल आल्यावरच निश्चिंत व्हा.

कुस्तीच्या सिनेमात आणखी एक पेच आहे. ‘धोकादायक कृती’ वगळण्याचं कलम पॉलिसीत असतं, आणि अंडररायटरला कुस्ती हा शब्द दिसला की तो कलम दाखवतो. तेव्हा नुसतं ‘कुस्तीचे प्रसंग’ असं लिहू नका. लढती आधी बसवलेल्या आहेत, कोणत्या डावाला नायकाच्या जागी पैलवान बदली आहे, हौद्यातली माती किती खोल उकरून मऊ केलेली आहे, फाइट मास्टर कोण, सेटवर डॉक्टर किंवा रुग्णवाहिका आहे का, हे एका पानावर लिहून जोडा. घोड्याचंही तसंच. नायक स्वतः दौडणार की फक्त बसून चालणार, हे दोन वेगळे धोके आहेत.

आणि तालमीतला सराव विसरू नका. नायक शूटिंगच्या दीड महिना आधीपासून गंगावेशीत तालमीला जातोय, तिथे त्याचा खांदा निखळला तर? कलाकारांचा विभाग शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून सुरू होत असेल तर हे नुकसान बाहेर राहतं. पूर्वतयारीचा काळ धरून घ्यायचा असतो, त्याचा थोडा जादा प्रीमियम पडतो. अशा सिनेमात तो द्यावाच.

तारखांचा गोंधळ, मानधनावरून रुसवा, मालिकेचं शूटिंग लांबलं म्हणून न येणं, दारू पिऊन येणं, यातलं काहीही आजारपण नाही. त्यासाठी कलाकाराशी केलेला करार घट्ट हवा.

आता हिशोब. अकराव्या दिवशी नायकाला डेंग्यू झाला, डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली. त्यातल्या तीन दिवसांत वस्तादांचे आणि इतरांचे प्रसंग उरकता आले. म्हणजे वाया गेलेले दिवस पाच. दर दिवसाचं खरं नुकसान ३ लाख ५ हजार, पाच दिवसांचे १५ लाख २५ हजार. पॉलिसीत पहिल्या दोन दिवसांची कपात आहे असं धरलं, तर त्यांचे ६ लाख १० हजार वजा. मिळण्याजोगी रक्कम ९ लाख १५ हजार. कपात एक दिवसाची असती तर १२ लाख २० हजार. कोटेशन घेताना प्रीमियमच्या आकड्याआधी कपात किती दिवसांची आहे ते विचारा, ते यासाठी.

त्या तीन दिवसांत दुसरे प्रसंग केले नसते तर आठही दिवसांचे पैसे मिळाले असते, असं मात्र समजू नका. नुकसान कमी करण्याचा प्रयत्न करणं हे तुमचं कर्तव्य धरलेलं असतं. न केलेल्या प्रयत्नाचे पैसे सर्व्हेअर कापतो.

६. आउटडोअर: पाऊस पडला म्हणजे क्लेम झाला असं नाही

कोल्हापूरकडे येणाऱ्या युनिटचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. साध्या पावसाने शूटिंग थांबलं तर सर्वसाधारण पॉलिसी काही देत नाही. ती वादळ, पूर, वीज, आग, भूकंप अशा कारणांनी वस्तूचं नुकसान झालं तर देते. तालमीच्या सेटचं छत वादळाने उडालं, तर सेटच्या विभागातून मिळेल. मसाई पठारावर दुपारी तीनला ढग चढून आले, अंधारून आलं आणि घोडे परत न्यावे लागले, तर काही नाही. पावसासाठी हवामानाचा विमा वेगळा असतो. त्यात ठरलेल्या केंद्रावर ठरलेल्या वेळेत अमुक मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर पैसे, अशी रचना असते. गंमत अशी की ते केंद्र शहराजवळ असेल आणि पाऊस पठारावर पडला, तर तुम्ही चिंब भिजलेले आणि केंद्रावर शून्य. केंद्र कुठलं ते विचारल्याशिवाय असा विमा घेऊ नका. दसऱ्यानंतर परतीच्या पावसाची दुपार गृहीत धरून पठाराचे प्रसंग सकाळी लावणं आणि चित्रनगरीत आतला एखादा प्रसंग राखीव ठेवणं, हा माझ्या मते त्याहून चांगला विमा.

पुराचं वेगळं आहे. पावसाळ्यात किंवा त्याच्या कडेला शूटिंग असेल तर दोन प्रश्न सुटे करा. पुराने सामान किंवा सेट खराब झाला, हा पहिला. काहीच खराब झालं नाही, पण ठिकाणी पोचताच आलं नाही, हा दुसरा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली होती. २०२१मध्येच पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला. अशा वेळी युनिट हॉटेलात सुखरूप असतं, सामान कोरडं असतं आणि रोजचे तीन लाख चालू असतात. हा खर्च मिळायला ‘जादा खर्च’ हा विभाग लागतो आणि त्यात रस्ता बंद होणं, प्रशासनाने प्रवेश बंद करणं हे विस्तार, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायची जादा कलमं, लेखी घालून घ्यावे लागतात. नुसता ‘जादा खर्च’ लिहिलेला असला तर तो बहुधा वस्तूच्या नुकसानीला बांधलेला असतो.

घाटावरच्या चार दिवसांसाठी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी हा तुमचा पुरावा आहे. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ती रोज जाहीर होते. पाणी वाढायला लागलं की रोजची नोंद कॉलशीटला टाचून ठेवा. पण एक ध्यानात घ्या, प्रपोजलच्या दिवशीच पाणी चढत असेल तर तो धोका राहत नाही, घडत असलेली घटना होते, आणि तिचा विमा निघत नाही.

बंद, दंगल, संचारबंदी यांचा विस्तार वेगळा मागावा लागतो. परवानगी नसताना शूटिंग केलं आणि थांबवलं गेलं, तर मात्र कुठलाही विस्तार उपयोगी नाही. पन्हाळा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा कागद तिथे पुरत नाही. ठिकाणांच्या यादीत प्रत्येक नावापुढे परवानगी कोणाची आणि कोणत्या तारखेपर्यंत, असे दोन रकाने स्वतःच वाढवा.

आता वाडा. लोक तृतीय पक्ष दायित्वाचा विभाग घेतात आणि समजतात की वाड्याचं कोरीव दार मोडलं तरी भागलं. पण तुम्ही भाड्याने घेऊन ताब्यात ठेवलेली मालमत्ता त्या विभागातून सहसा वगळलेली असते. जनरेटरच्या ठिणगीने शेजारचा ऊस पेटला तर तो शेतकरी तृतीय पक्ष. वाड्याचं दार मात्र ‘ताब्यातली मालमत्ता’, तिचा विस्तार वेगळा. ताबा घेताना दारं, खांब, फरशा यांचे मालकासमोर फोटो काढा. आधीच गेलेला तडा नंतर तुमच्या नावावर येत नाही.

लाइटबॉय, स्पॉटबॉय, सेटिंगवाले, रोजंदारीचे स्थानिक लोक यांचा अपघात वरच्या कुठल्याच भागात बसत नाही. त्यांच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई विमा किंवा वैयक्तिक अपघात विमा लागतो. माणसांची संख्या सरासरी लिहू नका. हौद्याभोवती प्रेक्षक म्हणून तीनशे जण उभे करणार असाल, तर त्या दिवसाची संख्या वेगळी कळवा.

७. कोटेशन आल्यावर

दोन कंपन्यांच्या प्रीमियमची तुलना करण्याआधी विभाग, रकमा, कपात आणि वगळलेल्या गोष्टी एकाच तक्त्यात मांडा. स्वस्त कोटेशन बहुधा कपातीत महाग असतं. बजेटमध्ये प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय धोका सुरू होत नाही, तसा विमा कायदाच आहे. ‘चेक दिलाय, पॉलिसी येईल’ असं म्हणून मुंबईहून टेम्पो सोडू नका. पॉलिसी हातात आली की फॉर्मशेजारी ठेवून नावं, तारखा आणि ठिकाणं ताडून बघा. कलाकाराचं पडद्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहून घ्या.

शूटिंगच्या मध्येच ठिकाण बदललं, दोन दिवस वाढले किंवा दिग्दर्शकाला अचानक ट्रॉली नदीत न्यायची सुचली, तर त्याच दिवशी ब्रोकरला ईमेल करा आणि बदलाची नोंद लेखी मागा. फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणालेला माणूस क्लेमच्या वेळी बदलून गेलेला असतो.

८. नुकसान झालं तर त्याच दिवशी

आधी कंपनीला लेखी कळवा, अंदाज कच्चा असला तरी चालेल. चोरी असेल तर पोलिसात तक्रार आणि तिची प्रत. फुटलेलं सामान सर्व्हेअर बघेपर्यंत दुरुस्तीला देऊ नका. मालक घाई करतोच, त्याला सर्व्हेअरचा नंबर द्या.

आजारपणात डॉक्टरांच्या कागदावर ‘विश्रांती आवश्यक’ एवढंच असू नये. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि शूटिंगचं काम करणं शक्य नाही, असं स्पष्ट हवं. कंपनीचा डॉक्टर तपासायला येऊ शकतो, कलाकाराला आधी सांगून ठेवा. शूटिंग रद्द करण्याचा निर्णय शक्य असेल तर कंपनीशी बोलून घ्या. त्या दिवसांच्या कॉलशीट, प्रॉडक्शन रिपोर्ट, हॉटेलची बिलं आणि पगाराची व्हाउचर दिवसवार वेगळ्या पाकिटांत ठेवा. महिन्याचं एकच बिल असेल तर हॉटेलकडून दिवसांची फोड तेव्हाच लिहून घ्या.

पॅकअपनंतर सामान परत देताना मालकाच्या गोदामात तपासणी करून ‘सर्व ठीक मिळाले’ अशी तारखेसह सही घ्या, आणि पॉलिसीची शेवटची तारीख त्या सहीच्या पुढची आहे ना, हे सामान कोल्हापुरातून निघण्याआधी बघा.